गृहकर्जाचे व्याज आणि मुद्दल: हप्त्यातला हिस्सा निम्मा नसेल तर करसवलत कशी वाटायची?

प्रश्न : नाशिकचा फ्लॅट माझ्या आणि माझ्या पतींच्या नावावर आहे, कर्जही दोघांच्या नावावर आहे. ५२,०६९ रुपयांचा हप्ता त्यांच्या खात्यातून जातो आणि मी दरमहा २०,००० रुपये त्यांना पाठवते. बँकेचा व्याजाचा दाखला दोघांत मिळून एकच येतो. माझ्या ऑफिसात सांगतात की निम्मे-निम्मेच दाखवा. हे बरोबर आहे का? माझा पगार १४ लाख, त्यांचा २४ लाख. आम्ही मुंबईत भाड्याने राहतो, फ्लॅटमध्ये सासू-सासरे राहतात.

उत्तर :

आपल्या ऑफिसचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही, पण तो नियमही नाही. कोणी किती भरले याचा कसलाच पुरावा नसेल, तेव्हा शेवटी ज्या गृहीतकावर यावे लागते, ते म्हणजे निम्मे-निम्मे. आपल्याकडे पुरावा आहे, त्यामुळे प्रत्यक्ष फेडीचे प्रमाण धरता येते. मात्र ते प्रमाण दरवर्षी सोयीनुसार निवडायचे नसते, तर वर्षभरात जे घडले त्यावरून काढायचे असते. दोहोंत बराच फरक आहे, आणि गेली पंचवीसेक वर्षे विवरणपत्रे भरताना मी पाहिलेल्या बहुतेक अडचणी या फरकाकडे दुर्लक्ष केल्यामुळेच आलेल्या आहेत.

आधी पात्रतेविषयी. सवलत मागणारी व्यक्ती घराची सहमालकही हवी आणि कर्जाची सहकर्जदारही हवी. नुसते कर्जाच्या कागदावर नाव असून उपयोग नाही आणि नुसते खरेदीखतात नाव असूनही नाही. आपली दोन्ही नावे दोन्हीकडे आहेत, म्हणून हा मुद्दा मी इथेच सोडतो. तरीही इंडेक्स टू आणि मूळ करारनामा एकदा काढून पाहावा. त्यात मालकीचे हिस्से टक्क्यांत लिहिले असतील तर ते हिस्से खरे. लिहिले नसतील तर, मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ४५ प्रमाणे, ज्याने खरेदीत जितका पैसा घातला तितका त्याचा हिस्सा मानला जातो आणि त्याचाही पुरावा नसेल तर हिस्से समान धरले जातात. पुढच्या हिशोबासाठी मी आपली मालकी निम्मी-निम्मी धरतो.

आता खऱ्या प्रश्नाकडे येतो. व्याज आणि मुद्दल या दोन सवलती एकाच हप्त्यातून निघत असल्या तरी त्या दोन वेगळ्या कलमांखाली येतात आणि त्या कलमांची भाषा वेगळी आहे. व्याजाची वजावट कलम २४(ब) खाली मिळते आणि तिथे विचार होतो तो घरासाठी घेतलेल्या कर्जावर त्या वर्षासाठी ‘देय’ असलेल्या व्याजाचा. म्हणजे या कर्जापैकी किती भाग आपला आणि त्यावर आपल्याला किती व्याज लागू होते, हा तिथला प्रश्न आहे. मुद्दलाची वजावट कलम ८०सी खाली मिळते आणि तिथे बघतात ती प्रत्यक्ष ‘भरलेली’ रक्कम. त्यामुळे मुद्दलाच्या बाबतीत पैसा कोणाच्या खिशातून गेला हे सरळ मोजता येते, तर व्याजाच्या बाबतीत त्या पैशावरून मागे जाऊन, दोघांनी आपापसांत कर्जाचा किती भार उचलला आहे, याचा निष्कर्ष काढावा लागतो. बँक हा निष्कर्ष काढून देत नाही. तिच्या दृष्टीने दोघेही संपूर्ण कर्जाला जबाबदार आहेत, आणि म्हणून दाखला एकच येतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सहकर्जदारांनी व्याज कोणत्या सूत्राने वाटावे, असे सूत्र कायद्यात लिहिलेले नाही. काही सल्लागार मालकीच्या प्रमाणात वाटतात, काही फेडीच्या प्रमाणात. कलम २६ प्रमाणे सहमालकांचे घराचे उत्पन्न त्यांच्या निश्चित हिश्शाप्रमाणे वेगवेगळे मोजले जाते, हे खरे. पण व्याज हा ज्याने कर्ज घेतले त्याचा खर्च आहे, म्हणून मी स्वतः फेडीचे प्रमाण धरतो. वाद बहुधा तेव्हा उद्भवतो, जेव्हा एखादा सहमालक आपल्या मालकीच्या हिश्शापेक्षा जास्त व्याज मागतो. कमी मागणाऱ्याला कोणी विचारत नाही. आपल्या बाबतीत हा वाद आकड्यांनीच कसा निकामी होतो, ते खाली दिसेल.

आपल्या हप्त्यावरून कर्ज ६० लाखांचे, मुदत २० वर्षांची आणि व्याजदर ८.५ टक्के असावा. तसे असेल तर पहिल्या पूर्ण वर्षात बारा हप्त्यांचे ६,२४,८२८ रुपये जातात आणि त्यांत व्याज ५,०५,४१९ व मुद्दल १,१९,४०९ असते. आपला दाखला पुढच्या एखाद्या वर्षाचा असेल तर आकडे त्याच्यावरचे घ्यावेत, रीत तीच राहते. आपण वर्षाला २,४०,००० रुपये पाठवता. एकूण हप्त्यांच्या तुलनेत हे ३८.४१ टक्के झाले. म्हणून व्याजातला आपला हिस्सा १,९४,१३४ रुपये आणि मुद्दलातला ४५,८६६ रुपये. आपल्या पतींच्या वाट्याला व्याज ३,११,२८५ आणि मुद्दल ७३,५४३ येते.

स्वतः राहण्याच्या घरासाठी व्याजाच्या वजावटीची मर्यादा २ लाख रुपये आहे आणि ती प्रत्येक सहमालकाला स्वतंत्रपणे मिळते, दोघांत मिळून नव्हे. आपण नोकरीमुळे दुसऱ्या शहरात असलात आणि फ्लॅट भाड्याने दिलेला नसला तरी त्याला हीच वागणूक मिळते. तेव्हा पतींना ३,११,२८५ पैकी २,००,००० इतकेच मागता येतील. उरलेले १,११,२८५ रुपये पुढच्या वर्षी ओढता येत नाहीत आणि आपल्याकडे वळवताही येत नाहीत. आपल्याला पूर्ण १,९४,१३४ मिळतील. आता निम्म्या-निम्म्याचा हिशोब करून बघा. प्रत्येकी व्याज २,५२,७०९ येते आणि दोघेही २ लाखांवर अडतात. म्हणजे ऑफिसने सांगितलेल्या रीतीने आपल्याला ५,८६६ रुपयांची वजावट जास्त मिळाली असती आणि सर्वांत वरच्या ३० टक्क्यांच्या टप्प्यात, उपकर धरूनही, तिची किंमत सुमारे १,८३० रुपये आहे. एवढ्यासाठी खऱ्या व्यवहाराशी न जुळणारा आकडा लिहिण्यात काहीच अर्थ नाही. तो फरक हवाच असेल तर पुढच्या वर्षापासून दरमहा २०,००० ऐवजी २१,००० पाठवावेत. आजच्या आकड्यांवर आपला हिस्सा ४०.३३ टक्के आणि व्याज २ लाखांच्या वर जाते.

मघाशी म्हटलेला मालकीचा वादही इथे मिटतो. पतींचे व्याज मालकीच्या ५० टक्क्यांनी काढा किंवा फेडीच्या सुमारे ६२ टक्क्यांनी काढा, दोन्ही वेळा ते २ लाखांच्या वरच आहे. कर्ज जुने होत जाईल तसे व्याज घटत जाईल आणि ज्या वर्षी एकाचा खरा हिस्सा २ लाखांच्या खाली येईल, त्या वर्षापासून प्रमाणाला खरी किंमत येईल.

मुद्दलाबद्दल एक नेहमीचा मोह सांगतो. पतींचे ८०सी चे दीड लाख भविष्य निर्वाह निधीतच संपलेले असतात, त्यामुळे घरात असे ठरते की व्याज त्यांनी जास्त दाखवावे आणि मुद्दल सगळे पत्नीने. एकाच हप्त्याचे असे दोन वेगळ्या प्रमाणांत तुकडे करता येत नाहीत. प्रत्येक हप्त्यात व्याजही असते आणि मुद्दलही, म्हणून ज्याने हप्त्याचा ३८ टक्के भार उचलला, त्याने दोन्हींचा ३८ टक्के उचलला. मात्र हप्त्याबाहेरची मुदतपूर्व फेड वेगळी. समजा, मार्चअखेर आपण स्वतःच्या खात्यातून थेट कर्जखात्यात १ लाख रुपये भरले, तर ते सगळे मुद्दल आहे आणि भरणाऱ्या आपण एकट्या आहात. मग त्या वर्षीचे आपले मुद्दल ४५,८६६ अधिक १,००,००० असे १,४५,८६६ होते. मुद्दल एकाच्या नावे वाढवायचा सरळ मार्ग हाच आहे. ८०सी ची मर्यादा सगळ्या गुंतवणुकींसाठी मिळून दीड लाख असते, आणि ताबा ज्या आर्थिक वर्षात मिळाला त्याच्या अखेरीपासून पाच वर्षांच्या आत घर विकले तर मुद्दलापोटी घेतलेली वजावट विक्रीच्या वर्षी उत्पन्नात परत धरली जाते, या दोन्ही गोष्टी ध्यानात असू द्याव्यात.

आता पुराव्याकडे येतो, कारण फेडीचे प्रमाण धरायचे म्हटले की सगळी भिस्त त्यावरच राहते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जोडपे चौकशीची नोटीस घेऊन आले होते. पत्नीने ४५ टक्के व्याज मागितले होते. दोघांची बँक विवरणे टेबलावर शेजारी ठेवून आम्ही एकेक नोंद पेन्सिलीने जुळवू लागलो. तिने पतीला पैसे पाठवले होते यात शंका नव्हती. पण एका महिन्यात १७,५००, दुसऱ्यात ९,०००, तिसऱ्यात दोनदा मिळून २३,००० असे, आणि त्यातल्या पाच-सहा नोंदींपुढे मोबाइलवरून पाठवताना तिने स्वतःच ‘किराणा’ आणि ‘लाइट बिल’ असे लिहून ठेवलेले होते. ‘साहेब, ते सवयीनं लिहिलं, पैसे हप्त्याचेच होते,’ असे ती पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि मला ते पटतही होते. पण कागद तसे म्हणत नव्हता. शेवटी ज्या नोंदी हप्त्याशी जोडता आल्या तेवढ्यांचेच प्रमाण धरून आम्ही उरलेली वजावट सोडून दिली आणि फरकाचा कर व्याजासह भरला.

म्हणून आपल्याला सांगतो की वीस हजार रुपये दरमहा ठरलेल्या तारखेला, हप्त्याच्या दोन-चार दिवस आधी, स्थायी सूचना देऊन पाठवावेत आणि शेऱ्यात ‘गृहकर्ज हप्ता हिस्सा’ असेच लिहावे. याहून चांगला मार्ग म्हणजे फक्त हप्त्यासाठी एक संयुक्त खाते उघडून दोघांनी आपापला वाटा त्यात जमा करावा आणि हप्ता त्या खात्यातून जाऊ द्यावा. वर्षअखेरीस त्या एका खात्याचे विवरण काढले की प्रमाण आपोआप समोर येते. घरखर्च मी करते आणि हप्ता ते भरतात, मग हप्ता निम्मा माझाच नाही का, असे पुष्कळ जणी विचारतात. संसाराच्या दृष्टीने तो निम्मा आहेच, पण किराण्यावर खर्च झालेला रुपया कर्जाची फेड म्हणून दाखवणे मला आजवर साधलेले नाही.

दोघांच्या सहीचे एक छोटे संमतिपत्रही स्टॅम्प पेपरवर करून ठेवावे. कर्जाचा खाते क्रमांक, रक्कम, दोघांनी कोणत्या प्रमाणात भार उचलायचे ठरवले आहे, आणि कोणत्या तारखेपासून, एवढे त्यात पुरे. ते बँकेवर बंधनकारक नसते आणि त्याने मालकीही बदलत नाही, पण ऑफिसच्या लेखा विभागाला निम्म्याऐवजी वेगळे प्रमाण का, याचे उत्तर त्यातून मिळते. प्रत्येकाने आपापल्या कंपनीला वजावटींचा तपशील देताना फक्त आपल्या हिश्शाचे व्याज लिहावे आणि बँकेच्या दाखल्यासोबत या पत्राची प्रत जोडावी. संमतिपत्र आणि बँक विवरण एकमेकांशी जुळले नाहीत, तर मात्र भरवसा विवरणावरच ठेवला जाईल.

इतका हिशोब केल्यावर आता जी गोष्ट सांगणार आहे, ती ऐकून आपण कदाचित नाराज व्हाल. वरच्या दोन्ही वजावटी, स्वतः राहण्याच्या घराच्या बाबतीत, फक्त जुन्या करप्रणालीत मिळतात. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी १४ लाखांच्या पगारावर नव्या करप्रणालीत, ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून, उपकरासह ८१,९०० रुपये कर येतो. जुन्या प्रणालीत कर तेवढाच यायचा असेल तर आपल्या एकूण वजावटी ५,६८,७५० रुपयांपर्यंत जायला हव्यात. प्रमाणित वजावटीचे ५०,०००, ८०सी चे पूर्ण दीड लाख आणि व्याजाचे १,९४,१३४ मिळून ३,९४,१३४ च होतात. आपण घरभाड्यातही वाटा देत असाल आणि घरभाडे भत्त्याची सूट तुम्हालाही मिळत असेल तर गणित बदलू शकते, पण मुंबईचे भाडे पती एकटेच भरत असतील तर आपल्यासाठी नवी प्रणाली स्पष्टपणे फायद्याची आहे. पतींच्या बाबतीत २४ लाखांवर नव्या प्रणालीत कर २,९२,५०० रुपये येतो आणि जुनी परवडायला सुमारे ८,३७,५०० च्या वर वजावटी लागतात. घरभाडे भत्त्याची सूट साडेतीन-चार लाखांची असेल, आरोग्य विमा आणि राष्ट्रीय पेन्शन योजनाही असेल, तर ते तिथे पोहोचतात, नाहीतर नाही.

म्हणजे बहुधा ते जुन्या प्रणालीत आणि आपण नव्या प्रणालीत, असे होईल. याला कायद्याची हरकत नाही. निवड प्रत्येकाची स्वतंत्र असते. पण इथे लोक चुकतात. पत्नीची सवलत वाया जाते आहे, तर तिचा हिस्साही पतीने दाखवावा, असे घरी ठरते. ते करू नये. आपण कोणती प्रणाली निवडली याने आपण भरलेला पैसा पतींनी भरलेला होत नाही. आपल्या उदाहरणात त्यांचा स्वतःचा हिस्साच २ लाखांच्या वर असल्याने त्याचा उपयोगही नाही. पण ज्या घरात एकूण व्याज अडीच लाखांच्या आसपास असते, तिथे ही चूक हमखास होते.

मग आपल्या हिश्शाची नोंद ठेवायची कशाला? सासू-सासरे उद्या आपल्याकडे राहायला आले आणि फ्लॅट भाड्याने दिला, तर त्यासाठी. समजा भाडे १८,००० आले, वर्षाचे २,१६,००० झाले. भाडे मालकीच्या प्रमाणात विभागले जाते, म्हणून आपल्या वाट्याला १,०८,०००, आणि महापालिकेचा कर बाजूला ठेवला तर ३० टक्के सरसकट वजावटीनंतर ७५,६०० रुपये उत्पन्न उरते. भाड्याने दिलेल्या घराचे व्याज नव्या प्रणालीतही त्या भाड्यातून वजा होते. फक्त त्यातून येणारा तोटा पगारातून वजा होत नाही आणि पुढेही ओढता येत नाही. आपल्या हिश्शाचे १,९४,१३४ व्याज सिद्ध करता आले तर हे उत्पन्न शून्यावर येते. सिद्ध करता आले नाही आणि सगळा हप्ता पतींनीच भरला असे ठरले, तर या ७५,६०० वर आपल्याला आजच्या दरांनी सुमारे ११,८०० रुपये कर भरावा लागेल.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर अधिनियम, २०२५ लागू असल्याने त्यानंतरच्या उत्पन्नासाठी कलमांचे क्रमांक वेगळे दिसतील. २०२५-२६ च्या विवरणपत्रात मात्र जुनेच क्रमांक आहेत. ते भरताना एका ठिकाणी जपावे. घराच्या तक्त्यात सहमालकाचे नाव, पॅन आणि आपल्या मालकीचा टक्का विचारतात आणि भाड्याची संपूर्ण रक्कम लिहिली की त्या टक्क्याने ती आपोआप विभागली जाते. हे पाहून लोक व्याजाच्या रकान्यातही दाखल्यावरचा संपूर्ण आकडा लिहितात आणि तोही विभागला जाईल असे समजतात. तो विभागला जात नाही. तिथे दोघांनीही ५,०५,४१९ लिहिले तर एकाच कर्जाचे व्याज दोनदा मागितल्याचे दिसते, आणि कर्जाचा खाते क्रमांकही आता विवरणपत्रात मागत असल्याने ते पकडणे अवघड राहिलेले नाही. त्या रकान्यात आपण १,९४,१३४ आणि पतींनी ३,११,२८५ लिहावेत.